वॉलेटमधले ८५६ आणि हातातले ४६५

प्रश्न: फूड डिलिव्हरीला लागायचा विचार चाललाय. मित्र म्हणतो दिवसाला आठशे-हजार आरामात होतात, इन्सेंटिव्ह धरून. पेट्रोल, मोबाइल सगळं वजा करून खरे किती सुटतात?

उत्तर:

मित्र खोटं बोलत नाहीये, तो अ‍ॅपवरचा आकडा सांगतोय. मी पुण्यात कोथरूड-कर्वेनगर भागात दोन वर्षं बाइकवर हेच करतोय. गेल्या महिन्यातला एक साधा मंगळवार सांगतो. पाऊस नाही, सण नाही, मॅच नाही.

दुपारी आणि रात्री मिळून नऊ तास लॉगिन, १९ ऑर्डरी. सरासरी ३४ रुपये ऑर्डर म्हणजे ६४६. त्या दिवशीचे स्लॅब होते १४ ऑर्डरींना १००, १९ ला १९० आणि २४ ला ३००. हे एकावर एक मिळत नाहीत, वरचा लागला की खालचा गेला. मला १९० लागले, एका काकूंनी २० टिप दिली. एकूण ८५६.

आता खर्च. इथेच बहुतेक जण चुकतात, कारण ते अ‍ॅपमधले किलोमीटर धरतात. अ‍ॅप तुम्हाला हॉटेलपर्यंत आणि तिथून कस्टमरपर्यंतचं अंतर मोजून देतं. ड्रॉप करून रिकामं परत यायचं, हॉटेलांच्या गर्दीत जाऊन उभं राहायचं, घरून यायचं-जायचं, ते सगळं आपल्या पेट्रोलवर. त्या दिवशी अ‍ॅपवर ७१ किलोमीटर होते आणि गाडीच्या मीटरवर ११८. माझी गाडी कंपनीच्या कागदावर साठच्या वर देते, सिग्नल-ब्रेक-सिग्नलमध्ये ४७ देते. म्हणजे अडीच लिटर, १०५ च्या भावाने २६३ रुपये.

गाडीची झीज त्या दिवशी खिशातून जात नाही म्हणून कुणी धरत नाही. पण तीन हजार किलोमीटरला ऑइल-सर्व्हिसिंग येतं, आणि ते आमच्याकडे महिन्याभरात भरतात. टायर, चेन-सेट, ब्रेक-शू, क्लच-प्लेट धरून मला किलोमीटरला ७५ पैसे पडतात. त्या दिवसाचे ८८. मोबाइलचं तसंच: रिचार्ज साडेतीनशेचा, आणि १२ हजारांचा फोन दीड वर्षात संपतो. दिवसभर उन्हात होल्डरवर, नकाशा चालू, पॉवरबँक लावलेली, बॅटरी फुगतेच. महिन्याचे २६ दिवस धरून रोजचे ४०. चहा-वडापाव मी धरत नाही, ते घरी असतो तरी खाल्लेच असते.

२६३, ८८ आणि ४० म्हणजे ३९१. हातात ४६५. तासाला साधारण ५२ रुपये.

याच हिशोबातून एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडीचा एक किलोमीटर तीन रुपये खातो. ऑर्डरमागे माझे सहा किलोमीटरच्या वर होतात, म्हणजे ३४ मधले १९ तिथेच गेले, उरले १५. स्लॅब नसेल तर १९ ऑर्डरींचे तीनशेही राहत नाहीत. म्हणून ५८ रुपयांची ऑर्डर दिसली की लगेच खूश होऊ नका. भूगावच्या एका सोसायटीचा असाच ड्रॉप पडला होता. गेटवर गाडी ठेवा, मागच्या लिफ्टने जा, आणि मग तिथे दुसरी ऑर्डर नाही म्हणून कोथरूड डेपोपर्यंत रिकामा. मीटरवर १६ किलोमीटर, ४८ रुपये. तासाभरात राहिले दहा.

मग नाही का म्हणू नये? कारण नाकारलेल्या ऑर्डरी ठरावीक मर्यादेपुढे गेल्या की स्लॅबच उडतो. रात्री ७ ते ११ सलग लॉगिनची अटही असते. अटी शहरानुसार, झोननुसार आणि कधी कधी दिवसानुसार बदलतात, तेव्हा सकाळीच स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. माझी एकदा २४ वी ऑर्डर हॉटेलवाल्याने पंचवीस मिनिटं रखडवली आणि ११ वाजून ४ मिनिटांनी डिलिव्हर झाली. ऑर्डर घेतल्याची वेळ धरत नाहीत, दिल्याची धरतात. ११० रुपये गेले. सपोर्टवर चॅट केलं, 'असुविधेबद्दल क्षमस्व' आलं.

आता मी साडेनऊला बघतो. वरच्या स्लॅबला दोन कमी असतील तर थांबतो, कारण त्या दोन ऑर्डरींतून खर्च जाऊन १४० सुटतात. पाच कमी असतील तर उरलेला दीड तास पुरत नाही, मग जवळच्या दोन-तीन मारतो आणि गाडी घराकडे वळवतो.

तुमची गाडी, तुमचा झोन वेगळा असेल. एक आठवडा मित्राची टाकी काठोकाठ भरून घ्या, रोज सकाळी निघताना आणि रात्री घरी आल्यावर मीटरचा फोटो काढायला सांगा, आठवड्याने परत काठोकाठ भरा. जितकं पेट्रोल मावलं तितकं त्याच्या वॉलेटमधून वजा करा, आणि किलोमीटरमागे बारा आणे झिजेचे.