गिऱ्हाईक म्हणतं चुकून जास्त पैसे गेले, परत पाठवा. पाठवू का?

प्रश्न: साताऱ्यात राहते. जुनी वॉशिंग मशीन ४,५०० ला विकायला टाकली होती. एक जण म्हणतो मी फौजी आहे, चुकून ४५,००० पाठवले. स्क्रीनशॉट आलाय, बँकेसारखा मेसेजपण आलाय. वरचे ४०,५०० परत मागतोय, त्यासाठी क्यूआरपण पाठवलाय. काय करू?

उत्तर:

ताई, एक रुपयापण पाठवू नका आणि तो क्यूआर स्कॅन करू नका. पोवई नाक्याजवळ माझं जुन्या टीव्ही-फ्रीजचं दुकान आहे, विकणाऱ्यांकडून हाच प्रकार सारखा ऐकतोय, फक्त वस्तू आणि आकडा बदलतो.

आधी तो मेसेज उघडा आणि कुठून आलाय ते बघा. बँकेचा मेसेज बँकेच्या नावाच्या अक्षरांनी येतो, दहा आकडी मोबाईल नंबरवरून किंवा व्हॉट्सॲपवर तुमच्या खात्यात पैसे जमा झाले असा मेसेज बँक सहसा पाठवत नाही. हे लोक बँकेच्या मेसेजचा मजकूर जसाच्या तसा टाईप करून आपल्या नंबरवरून पाठवतात, आपण घाईत फक्त "credited" आणि आकडा वाचतो आणि वर कोणाचा नंबर आहे तिकडे बघतच नाही. स्क्रीनशॉटचं तर विचारूच नका. हिरवी टिक, तुमचं नाव, वेळ, व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर, सगळं बनवून देणारी खोटी ॲप आहेत, त्यामुळे "यूटीआर दिला की मी" याला अर्थ नाही. तो नंबर तुमच्या स्वतःच्या खात्याच्या एंट्रीत दिसला तरच खरा.

म्हणून खातं बघा, पण कसं बघायचं ते नीट ऐका. तो फोनवर चालू असताना, त्याने सांगितलेलं काही उघडून बघू नका. फोन ठेवा, बँकेचं ॲप स्वतः उघडा आणि शेवटच्या एंट्र्या बघा, नाहीतर सरळ शाखेत जाऊन पासबुक भरून घ्या. यूपीआय ॲपमध्ये बॅलन्स बघायलापण पिन लागतो आणि तिथेच घोळ होतो, कारण तो म्हणतो "मॅडम बॅलन्स चेक करा ना" आणि त्याच वेळी पैसे मागणारी स्क्रीन समोर आलेली असते. पिन टाकायच्या आधी तिथे रक्कम आणि दुसऱ्याचं नाव दिसलं तर ते पैसे द्यायचं पान आहे, बॅलन्सचं नाही.

क्यूआरचंपण तेच. पैसे घ्यायला आपल्याला ना स्कॅन करावं लागतं ना पिन टाकावा लागतो. स्कॅन केल्यावर खाली "Refund" नाहीतर "Receive 40500" असं लिहिलेलं दिसेल, पण ती नोट त्याने स्वतः लिहिलेली असते, तिथे काहीपण लिहिता येतं. कधी कधी आधी पाच रुपयांचा क्यूआर देतात आणि लगेच दहा परत पाठवतात. ते दहा रुपये खरेच येतात, मग माणसाचा विश्वास बसतो आणि पुढचा क्यूआर हजारांचा असतो.

पूर्वी हे लोक ॲपमधून थेट मनी रिक्वेस्ट टाकायचे. १ ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे अशी रिक्वेस्ट टाकणं बंद केलंय, पण दुकानदार म्हणून नोंद असलेल्या खात्यांची रिक्वेस्ट अजून येऊ शकते, तेव्हा "आता बंद झालंय" म्हणून बिनधास्त राहू नका.

आणि फौजीचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्यात घरटी कोणीतरी सैन्यात असलेली गावं आहेत, आपशिंग्याला तर मिलिटरी आपशिंगेच म्हणतात, म्हणून हे नाव घेतलं की आपण नाही म्हणत नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा येतो. ओळखपत्राचा फोटो, वर्दीतला फोटो, कँटीन कार्ड हे सगळं दुसऱ्या कोणाचंतरी उचललेलं असू शकतं. मशीन न बघता, भाव न करता लगेच पैसे पाठवतो म्हणणारं गिऱ्हाईक मला तरी पटत नाही.

समजा खात्यात खरंच ४५,००० आलेले दिसले, तरी त्याने दिलेल्या नंबरवर परत पाठवू नका. ते दुसऱ्या कोणाचे चोरलेले पैसे असू शकतात आणि मग तुमचंच खातं गोठतं. शाखेत जाऊन लेखी द्या की ही रक्कम माझी नाही, जिथून आली तिथे परत पाठवा. त्याला सांगायचं, तुमच्या बँकेत तक्रार करा.

खरं गिऱ्हाईक आलं की आपला क्यूआर दाखवायचा, पैसे आपल्या खात्यात दिसले की मगच मशीन टेम्पोत चढवायची. "माझ्याकडून कट झालेत, पेंडिंग दाखवतंय" असं म्हणाला तर थांबायला सांगा. यूपीआयचे पैसे खरंच मधे अडकले आणि तुमच्या खात्यात आले नाहीत, तर नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला परत मिळतात, त्याचं काही बुडत नाही.

आणि यात तुम्ही किंवा घरातल्या कोणी आधीच पिन टाकला असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन लावा, बँकेला कळवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. पैसे पुढच्या खात्यातून काढून घ्यायच्या आत कळवलं तरच ते अडवता येतात, त्यामुळे उद्या बघू म्हणू नका. चॅट, त्याचा नंबर, स्क्रीनशॉट काही डिलीट करू नका, तक्रारीत लागतं.