आईचे मराठी व्हॉइस मेसेज लोकलमध्ये वाचायचे कसे?

प्रश्न: आई चिपळूणला असते, रोज चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते. माझा विरार-चर्चगेट प्रवास, डब्यात काही ऐकू येत नाही आणि ऑफिसात इयरफोन घालता येत नाहीत. 2x वर लावलं की निम्मं कळत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं ट्रान्सक्रिप्ट चालू केलं तर भलतंच इंग्रजी येतं, नाहीतर Transcript unavailable. टाइप करणं तिला जमत नाही. काही उपाय आहे का?

उत्तर:

ट्रान्सक्रिप्टचा नाद मराठीपुरता तरी सोडा. तुमच्या फोनमध्ये बिघाड नाही. व्हॉट्सअ‍ॅपने ही सोय नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केली तेव्हा तिच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. यादीत भर पडत असते, म्हणून `Settings > Chats > Voice message transcripts` मध्ये जाऊन एकदा स्वतः बघून घ्या. मराठी दिसली तर निवडा, आणि पुढचं निम्मं उत्तर वाचलं नाही तरी चालेल.

दिसली नाही तर काय होतं ते समजून घ्या, म्हणजे उगाच सेटिंग खालीवर करत बसणार नाही. तिथे आपण जी भाषा निवडतो तिचा अर्थ 'मला या भाषेत वाचायचंय' असा बरेच जण घेतात. खरा अर्थ 'बोलणारा या भाषेत बोलतोय' असा आहे. आवाजाचे शब्द करायचं काम तुमच्या फोनमध्येच होतं, कुठल्या सर्व्हरवर नाही. मेसेज खाजगी राहतो तो त्यामुळेच. पण फोनला त्या वेळी एकाच भाषेचे शब्द ठाऊक असतात. इंग्रजी निवडलेली असेल तर आईचं 'उद्या कामवाली यायची नाही' हे तो इंग्रजी शब्दांच्या साच्यात कोंबायला बघतो. कोंबता आलं तर ते भलतंच इंग्रजी, नाही आलं तर Transcript unavailable. आईने कितीही सावकाश किंवा मोठ्याने बोललं तरी यात फरक पडणार नाही. ऑफिसातली मंडळी इंग्रजीत मेसेज पाठवत असतील तर त्यांच्यासाठी मात्र ही सोय चालू ठेवा, तिथे ती चांगली चालते.

बरं, अर्धंमुर्धं जुळणारं ट्रान्सक्रिप्ट तर अजिबात न जुळणाऱ्यापेक्षा वाईट. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, आणि बोलताना आपण शेवट गिळतो. 'बिल भरलेलं नाहीये' यातलं 'नाहीये' निसटलं की उरतं 'बिल भरलेलं'. वाचणाऱ्याला वाक्य पूर्ण वाटतं, शंकाही येत नाही. पैसे, औषधं आणि गाड्यांच्या वेळा या तीन गोष्टी तरी यंत्राने लिहिलेल्या मजकुरावरून पक्क्या धरू नका, मग भाषा कुठलीही असो.

आता उपाय. मजकूर तुमच्या फोनवर करण्याऐवजी आईच्या फोनवर करा. तिला टाइप करायला नको, बोलायचंच आहे, फक्त माइक वेगळा. गूगलच्या कीबोर्डमध्ये, म्हणजे जीबोर्डमध्ये, मराठीत बोलून लिहायची सोय 2017 पासून आहे. तिच्या फोनवर जीबोर्ड असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषांत जाऊन मराठी जोडा. मराठीचे दोन-तीन प्रकार दिसतील, त्यातला देवनागरी लिपीचा घ्या. मग व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिहायच्या जागी बोट ठेवलं की कीबोर्ड वर येतो आणि त्याच्या वरच्या पट्टीत एक छोटा माइक दिसतो. तो दाबून बोललं की अक्षरं उमटत जातात. फोनला नेट लागतं, चिपळूणला घरात रेंज नसेल तर तिला ओटीवर यावं लागेल.

अडचण एकच येते, पण हमखास येते. आता स्क्रीनवर दोन माइक झाले. व्हॉट्सअ‍ॅपचा गोल माइक लिहायच्या चौकटीच्या उजवीकडे, आणि कीबोर्डचा त्याच्या खाली, अक्षरांच्या वरच्या पट्टीत. फोनवरून 'माइक दाब' म्हणालात की वयस्कर माणूस गोलच दाबणार, कारण त्याची सवय आहे. 'आधी लिहायच्या जागी टिचकी मार, अक्षरं वर आली की अक्षरांच्या डोक्यावरचा माइक दाब' असं सांगा. शक्य असेल तर पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा समोर बसून दोन-चार वेळा करून घ्या. माझ्या आत्याला फोनवर समजावताना आम्ही दोघंही वैतागलो होतो, समोर बसल्यावर चहा गार व्हायच्या आत जमलं.

दुसरं, माइक कीबोर्डच्या भाषेप्रमाणे ऐकतो. कीबोर्ड इंग्रजीवर असताना मराठी बोललं की पुन्हा तेच कडबोळं. आईला इंग्रजी लागतच नसेल तर जीबोर्डमधून इंग्रजी काढूनच टाका. उलटसुलट होण्याचा प्रश्नच मिटतो.

पूर्णविरामांची अपेक्षा ठेवू नका. सगळं एका दमात लिहिलं जातं, त्यामुळे एक गोष्ट बोलून झाली की पाठवायचं, मग दुसरी. आणि पाठवण्याआधी एकदा नजर टाकायची. आईला चूक दिसते, कारण काय बोललो हे तिला माहीत असतं. तुमच्या फोनवरच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये हीच तपासणी होत नाही, तिथला मजकूर फक्त तुम्हाला दिसतो, पाठवणाऱ्याला नाही.

अर्थात सगळंच असं लिहून पाठव म्हणून सांगू नका. समजा आईच्या चार मिनिटांच्या मेसेजात एवढं आहे: शेजारच्या काकूंचा गुडघा, आंब्याला मोहोर कमी आलाय, मामा गुरुवारी सव्वानऊच्या गाडीने निघून बोरिवलीला उतरणार, त्याला घ्यायला कोण येईल, विजेचं बिल एक हजार तीनशे चाळीस आलंय पण अजून भरलेलं नाही, आणि शेवटी पुन्हा गुडघा. यात तुम्हाला डब्यात कळायला हवं ते फक्त मामाचं आणि बिलाचं. ते तिने कीबोर्डच्या माइकने पाठवावं: 'मामा गुरुवारी सव्वानऊच्या गाडीने निघतोय बोरिवलीला उतरेल घ्यायला कोण येणार'. मग दुसरा मेसेज: 'विजेचं बिल 1340 अजून भरायचंय'. बघा, 'भरलेलं नाही' ऐवजी 'भरायचंय'. शेवट गिळला गेला तरी अर्थ उलटा होत नाही. गुडघा आणि मोहोर आवाजातच राहू द्या. ते वाचण्यात काही मजा नाही, तिच्या आवाजातच ऐकायचं, घरी पोचल्यावर.

आवाजातले मेसेजही तिने छोटे केले तर तुम्हाला सोपं जाईल. एकामागोमाग आलेले व्हॉइस मेसेज असतील तर पहिला लावला की पुढचे आपोआप वाजत जातात, त्यामुळे चारचा एक काय आणि एकेक मिनिटाचे चार काय, ऐकताना तुमचा वेळ तेवढाच. फरक असा की बिल कुठे होतं ते पुन्हा शोधायचं तर अख्ख्या चार मिनिटांत बोट फिरवत बसावं लागत नाही. तिला बोलताना मध्ये कुणी हाक मारली तर रेकॉर्डिंग थांबवून पुन्हा सुरू करता येतं, हेही तिला सांगा. नाहीतर मागचा कुकर आणि पोस्टमन दोघंही मेसेजात येतात.

आता वेगाबद्दल. 1.5x आणि 2x व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 2021 पासून आहे. आवाज बारीक किंवा कार्टूनसारखा होत नाही, कारण पट्टी तीच ठेवून फक्त ध्वनीचे तुकडे जवळ आणले जातात. पण जवळ आणताना आखूड पडतात ती व्यंजनं आणि शब्दांमधल्या फटी, आणि मराठी आकड्यांचा सगळा फरक तिथेच असतो. पंचेचाळीस आणि पंचावन्न, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर, 'साडेसात' मधलं 'साडे'. 2x वर हे चुकतात आणि चुकल्याचं कळतही नाही. त्यात गाडीची घरघर मिसळली की संपलंच. चार मिनिटांचा मेसेज 1.5x वर दोन मिनिटं चाळीस सेकंदांत होतो, 2x वर दोन मिनिटांत. म्हणजे 2x ने वाचतात चाळीस सेकंद. आई मुळात भरभर बोलणारी असेल तर 1.5x च्या वर जाऊ नका. 2x ठेवा ते सावकाश, पॉझ घेत बोलणाऱ्यांसाठी. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी 2x वर नेमके माणसासारखे वाटतात.

आकडा आला असं वाटलं की तेवढा भाग 1x वर करून रेषेवरचा ठिपका थोडा मागे ओढा. चॅटमधून बाहेर पडलात तरी मेसेज वाजत राहतो, त्यामुळे दुसरं चॅट उघडून आकडा तिथेच लिहून घेता येतो.

ऑफिसात इयरफोन चालत नाहीत म्हणालात. फोन साध्या कॉलसारखा कानाला लावा, मेसेज स्पीकरऐवजी कानाच्या छोट्या स्पीकरमधून वाजतो. बघणाऱ्याला तुम्ही कॉलवर आहात असंच वाटतं. जाड कव्हरने किंवा स्क्रीनगार्डने वरचा सेन्सर झाकला असेल तर हे होत नाही आणि आईचा आवाज अख्ख्या मजल्याला ऐकू जातो, तेव्हा आधी घरी करून बघा.

एखादा जुना किंवा महत्त्वाचा मराठी मेसेज मजकुरात हवाच असेल तर अँड्रॉइडवर गूगलचं लाइव्ह ट्रान्सक्राइब आहे. त्यात मराठी निवडून दुसऱ्या फोनवर मेसेज 1x ने शांत खोलीत मोठ्याने लावायचा. लोकलमध्ये याचा उपयोग शून्य. पण घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर जरूर दाखवा. व्हॉइस मेसेज मजकुरात करून देणारी अनोळखी अ‍ॅप आणि बॉट असतात, त्यांच्याकडे मात्र घरचे मेसेज फॉरवर्ड करू नका. एकदा तिकडे पाठवला की व्हॉट्सअ‍ॅपचं एनक्रिप्शन तिथे कामाचं नाही.

शेवटची गोष्ट आईसाठी. तुम्ही मेसेज ऐकेपर्यंत तिच्याकडे माइकचं चिन्ह निळं होत नाही, आणि ब्लू टिक बंद ठेवल्या तरी व्हॉइस मेसेजला ते लागू नाही. तिला हे माहीत असेल तर संध्याकाळपर्यंत माइक निळा झाला नाही म्हणून ती फोन करणार. मामाचं आणि बिलाचं वाचून झालं की दोन शब्दांचं उत्तर टाका, बाकीचं रात्री ऐकते म्हणून.