मुलाखत कधी, आणि सोबत काय न्यायचं?

एका शाळेच्या प्रवेश विभागाच्या खिडकीमागे मी सोळा वर्षं बसले. खिडकी सुटली, प्रश्न काही सुटले नाहीत. या वेळच्या बहुतेक पत्रांत तारखेचा आणि कागदपत्रांचाच घोळ आहे, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तरं देते.

शाळेतून फोन आला, मुलाखत बुधवारी आहे म्हणाले. आणखी काही करायला हवं का?

हो. आजच लेखी विचारून खात्री करून घ्या.

मेलमध्ये ०३/०४/२०२६, १२ वाजता असं लिहिलंय. आम्ही ३ एप्रिल धरून रजा टाकली आहे. बरोबर ना?

माहीत नाही. ती ३ एप्रिल असेल किंवा ४ मार्च, आणि रजा टाकण्याआधी शाळेला विचारायला हवं होतं. काही ठिकाणी दिवस आधी लिहितात, काही ठिकाणी महिना. शाळा तुमच्याच गावातली असली तरी निर्धास्त राहू नका. पत्र माणूस लिहीत नाही, सॉफ्टवेअर छापतं, आणि त्याची सेटिंग कोणी कशी करून ठेवली आहे हे कधीकधी ऑफिसलाही ठाऊक नसतं. पहिला आकडा १२ च्या वर असेल तर प्रश्नच मिटला. पण दोन्ही आकडे १२ किंवा त्याखालचे आणि वेगवेगळे असले, की त्याच पत्राचे दोन अर्थ होतात. वर्षात असे १३२ दिवस आहेत, हवं तर मोजून पाहा. वर्ष आधी लिहिलेलं असेल, म्हणजे २०२६-०४-०३ असं, तर पुढे महिना आणि मग दिवस हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तसं लिहिणाऱ्या शाळा मात्र मला फार भेटल्या नाहीत.

आमच्याच खिडकीवरची गोष्ट सांगते. पत्रात ०४/०५ छापलं होतं. शाळेच्या मनात ५ एप्रिल, आईवडिलांच्या मनात ४ मे. ते ४ मेला आले. मुलीच्या पायात नवे बूट, आईच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले कागद. वडिलांनी मोबाइल पुढे केला, कॅलेंडरमध्ये ४ मे, आदल्या दिवशीची आठवणसुद्धा लावलेली. मेलमधल्या तारखेवर बोट ठेवलं की फोन ती कॅलेंडरमध्ये घालायचं सुचवतो. पण तो स्वतःच्या सेटिंगप्रमाणे वाचतो, शाळेच्या नव्हे. चूक आमच्या पत्राची होती, हे मी तेव्हाही कबूल केलं. पण जागा भरल्या होत्या, आणि मुलीचं नाव प्रतीक्षा यादीत गेलं. त्या दिवसापासून मी महिना अक्षरात आणि सोबत वार लिहिल्याशिवाय एकही पत्र जाऊ दिलं नाही.

तुम्हीही तेच करा. आलेल्या मेललाच उत्तर द्या, म्हणजे मागचा मजकूर सोबत राहतो, आणि एवढंच लिहा:

"अर्ज क्रमांक अमुक, मुलीचं नाव अमुक. मुलाखत शुक्रवार, ३ एप्रिल २०२६ रोजी दुपारी १२ वाजता आहे असं आम्ही समजतो. बरोबर आहे का? हजर किती वाजता राहायचं, कोणत्या इमारतीत, आणि दोन्ही पालक हवेत का? कोणते कागद आणायचे, त्यांतले मूळ कोणते आणि कोणत्यांच्या प्रती चालतील, तेही कळवावं."

वार लिहायला विसरू नका. ३ एप्रिलला शुक्रवार आहे आणि ४ मार्चला बुधवार. शाळेच्या मनात बुधवार असेल तर ऑफिसातला माणूस "शुक्रवार" वाचून लगेच थबकतो. नुसते आकडे त्याच्याही डोळ्यांखालून निसटतात. आणि उत्तर नुसतं "हो" असं आलं, तर ते कशाला "हो" आहे ते पुन्हा विचारा.

पालकांच्या ग्रुपवर सतरा कागदांची यादी फिरते आहे. सगळे मूळ न्यायचे का?

ती यादी कोणत्या शाळेची, कोणत्या वर्षाची? ग्रुपमधल्या कोणालाही सांगता येणार नाही, विचारून बघा. साधारणपणे मुलाचा जन्मदाखला, पालकांची ओळख, राहत्या पत्त्याचा पुरावा, लसीकरणाची नोंद, मुलाचे फोटो आणि आधीची शाळा असेल तर तिथलं प्रगतिपुस्तक, एवढं लागतं. पण शेवटचा शब्द तुमच्या शाळेच्या लेखी उत्तराचा.

मूळ कागद दाखवायचे आणि परत न्यायचे, ठेवायच्या त्या प्रती. कोणी मूळ ठेवून घेऊ लागलं तर पोच मागा, आणि पोच देत नसतील तर वरिष्ठांना भेटा.

एक कागद मात्र घाईने काढू नका, शाळा सोडल्याचा दाखला. ग्रुपच्या यादीत तो हटकून असतो, आणि पालक मुलाखतीच्या आधीच जुन्या शाळेतून तो काढून मोकळे होतात. म्हणजे नव्या शाळेत प्रवेश नक्की नाही आणि जुन्या शाळेतून नाव कमी झालेलं. बहुतेक शाळांना तो प्रवेश पक्का झाल्यावर लागतो. मुलाखतीलाच हवा म्हणत असतील तर कारण विचारा, आणि जुन्या शाळेशी बोलल्याशिवाय अर्ज करू नका.

जन्मदाखल्यावर मुलाचं नाव एका स्पेलिंगने आहे आणि पासपोर्टवर दुसऱ्या. कोणी बघतं का एवढं?

बघतात. आम्ही तर आधी तेच बघायचो. अर्जात कोणतं स्पेलिंग भरलंत ते पाहा, आणि फरक आहे हे मुलाखतीआधीच शाळेला कळवून त्यांना काय चालेल ते विचारा. कुठे नुसतं पत्र पुरतं, कुठे प्रतिज्ञापत्र मागतात, कुठे दाखलाच दुरुस्त करून आणायला सांगतात, आणि त्याला वेळ लागतो. प्रतीवर पेनाने अक्षर सुधारू नका. हसू नका, अशी माणसं मी पाहिली आहेत.

"मुलाखतीचा स्लॉट पक्का करण्यासाठी आज रात्रीपर्यंत पैसे भरा" अशी लिंक आली आहे. भरू का?

नाही. निरोपातला नंबर सोडा, अर्जाच्या पावतीवरच्या नंबरवर शाळेला फोन करा. "आज रात्रीपर्यंत" ही घाई मुद्दाम असते, तुम्ही फोन करू नये म्हणून. आणि "आतून तारीख काढून देतो" म्हणणारे जे असतात, ते शाळेने दिलेलीच तारीख तुम्हाला परत विकतात.

मी एकटी आई आहे. मुलाचे वडील येणार नाहीत. अडेल का?

बहुधा नाही, पण आधी कळवा. ताब्याबद्दल न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. वडिलांची सही लागेल असं शाळा म्हणाली, तर खिडकीवर वाद घालत बसू नका, वकिलाचा सल्ला घ्या.

मुलाखत ऑनलाइन आहे, शाळा दुसऱ्या देशात. वेळ सकाळी १० दिली आहे.

कोणत्या शहराच्या घड्याळाने, ते विचारा. काही देश उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे आज काढलेला फरक पुढच्या महिन्यात चुकू शकतो.

त्याच दिवशी मुलाला ताप आला तर?

मुलाखतीच्या वेळेआधी फोन करा, लगेच मेल टाका आणि दुसरी तारीख मागा. दुसऱ्या दिवशी कळवलं तर नोंद "गैरहजर" अशी होते. आणि तापातल्या मुलाला औषध पाजून आणू नका, डॉक्टरांकडे न्या.