एसीच्या इनडोअर युनिटमधून पाणी टपकतंय, गॅस भरायलाच हवा का?

प्रश्न: दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, पुण्यात. सर्व्हिसिंग गेल्याच महिन्यात झालं. आता एसी लावला की अर्ध्या तासाने इनडोअर युनिटच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी टपकायला लागतं. गारवा व्यवस्थित आहे. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय. खरंच तसं असेल का?

उत्तर:

गारवा व्यवस्थित असेल तर गॅसचे पैसे आत्ताच देऊ नका. मी पुण्यात एसीचंच काम करतो. तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून माझा पहिला संशय ड्रेन पाइपवर जातो.

गॅस कमी झाला तरी पाणी पडतं, पण त्याची तऱ्हा वेगळी असते. कॉइलवर बर्फ धरतो, हवा मंद होते, गारवा कमी पडतो आणि एसी बंद केल्यावर बर्फ वितळून एकदम पुष्कळ पाणी येतं. तुमच्याकडे एसी चालू असतानाच अर्ध्या तासाने टपकायला लागतं. म्हणजे कॉइलखालचा ट्रे तेवढ्या वेळात भरतो आणि काठावरून वाहतो. पाणी तयार होतंय, पण त्याला बाहेर जायला वाट नाही.

सर्व्हिसिंगनंतरच हे का सुरू झालं, असं तुमच्या मनात आलं असेल. फोम मारून प्रेशरने धुतलं की कॉइल आणि ब्लोअरवर साचलेला मळ सुटतो आणि ट्रेमधून पाइपात उतरतो. पाइपात आधीच थोडी शेवाळ असेल तर तो तिथे अडकतो. शिवाय आपल्याकडे एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते की एसीतून जेमतेम पेलाभर पाणी निघतं, तेवढं अर्धवट तुंबलेल्या पाइपातूनही झिरपून जातं. वळवाचा पाऊस झाला, हवा दमट झाली, की तोच एसी तासाला लिटरभर किंवा जास्तही पाणी काढतो. मग पाइपाचं खरं रूप दिसतं.

आधी एक सोपी गोष्ट बघा. झाडांसाठी म्हणून पाइपाचं तोंड बादलीत सोडलंय का? बादली भरून तोंड पाण्यात बुडालं तर पाइपात हवा कोंडते आणि पाणी मागे तुंबतं. तसं असेल तर तोंड वर काढा, काम झालं.

तसं नसेल तर तुंबलंय कुठे हे शोधायचं. मागच्या जूनमध्ये कोथरूडला एका काकांकडे मी जे केलं तेच सांगतो. त्यांच्या बेडरूममधल्या एसीचा पाइप भिंतीतून आत घेऊन बाथरूममध्ये काढलेला होता. आधी दोघांनी येऊन पाइप मोकळा करून दिला होता, आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात पाणी परत सुरू झालं होतं.

एमसीबी पाडला, पुढचं झाकण उघडलं, जाळ्या काढल्या. पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर पाणी घेऊन कॉइलच्या पत्र्यांवर बारीक धारेने सोडलं. हे करताना आधी सर्किट बोर्ड कुठल्या बाजूला आहे ते बघा. बहुतेक युनिटमध्ये तो उजवीकडे असतो, म्हणून पाणी डावीकडून घालायचं. काका बाथरूममध्ये पाइपाच्या तोंडाशी मग धरून बसले होते. पाइप मोकळा असला तर अर्ध्या मिनिटात धार लागते आणि थोडंसं पाणी कॉइलवर, ट्रेमध्ये राहून बाकी सगळं बाहेर येतं. काका म्हणाले, "दादा, अजून काहीच नाही." मग थेंब थेंब सुरू झालं. पाच मिनिटांत मगात शंभर मिली जमलं असेल-नसेल, आणि इकडे ट्रेच्या कोपऱ्यातून पाणी खाली यायला लागलं.

एवढ्याने अडथळा आहे हे ठरलं, जागा ठरली नाही. युनिटचा पांढरा वळ्यांचा पाइप भिंतीतल्या पीव्हीसीला जिथे जोडतात, तिथली टेप सोडून मी दोन्ही वेगळे केले आणि खाली बादली ठेवली. परत अर्धा लिटर ओतलं. पाणी लगेच भडाभडा बादलीत. म्हणजे ट्रे आणि वळ्यांचा पाइप स्वच्छ. आधीच्या दोघांनी इथपर्यंतच फुंकून दिलं होतं. मग पीव्हीसीच्या तोंडात थेट पाणी घातलं, तर ते तोंडाशीच उभं राहिलं. दोष भिंतीत.

बाथरूमच्या बाजूने पडद्याची जुनी स्प्रिंग आत सारली. चार फुटांवर ती टक्कन अडली. असं कडक अडलं तर तो एल्बो असतो. स्प्रिंग पिळत ढकलली की वळून पुढे जाते. सात फुटांवर मात्र ती मऊ कशात तरी रुतली. तिथेच पाइपाच्या तोंडाशी स्प्रिंगला टेप लावून खूण केली आणि ओढून काढली. टोकाला करडा, भिजलेल्या सब्ज्यासारखा बुळबुळीत गोळा आणि त्यात कपड्यांची तूस. बाथरूमपासून भिंतीवर सात फूट मोजले तर जागा कपाटामागे आली. पाइपाला तिथे उतारच नव्हता.

मग ओलं ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर बाथरूमच्या तोंडाला लावला, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळलं आणि दोन-दोन मिनिटं तीनदा ओढलं. मध्ये मध्ये वरून कोमट पाणी सोडलं. उकळतं घालू नका, पीव्हीसी मऊ पडतो. अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक सोडा तर कॉइलजवळ आणायचाच नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्या खाल्ल्या जातात.

बाहेरून फुंकायला मात्र माझा ठाम विरोध आहे. लवकर होतं म्हणून बरेच जण तेच करतात. पण गाळ उलटा ट्रेमध्ये चढतो, पाणी उडून सर्किट बोर्डवर जाऊ शकतं आणि भिंतीतला सांधा सैल असेल तर निसटतो. दोन एसी एकाच पाइपावर असतील तर घाण दुसऱ्या खोलीतल्या युनिटमधून बाहेर येते.

जोड परत घट्ट केला आणि पुन्हा अर्धा लिटर ओतलं. मिनिटभरात मगात साडेचारशे मिली आलं. उतार नसल्यामुळे तिथे गाळ परत बसणारच, हे मी काकांना तेव्हाच सांगितलं. कपाट हलवून भिंत फोडायची नसेल तर दरवर्षी मे संपायच्या आत पाइप ओढून घ्यायचा, एवढाच मार्ग आहे.

तुमच्याकडे मेकॅनिक येईल तेव्हा त्याला हीच अर्ध्या लिटरची चाचणी तुमच्यासमोर करायला सांगा. सगळं पाणी झटकन बाहेर आलं तर पाइप निर्दोष आहे. मग युनिट उजवीकडे-डावीकडे कललंय का ते लेव्हल लावून बघायचं, ट्रेला चीर आहे का बघायचं. तुमचं पाणी एकाच कोपऱ्यातून येतंय म्हणून हे नक्की बघा. कॉइलवर बर्फ दिसला तर आधी जाळ्या आणि ब्लोअर, आणि ते स्वच्छ असतील तरच गॅसचं प्रेशर. पण ओतलेलं पाणी ना ट्रेमध्ये राहिलं, ना बाहेर आलं, तर लगेच थांबा आणि एसी लावू नका. सांधा भिंतीत सुटलेला असतो आणि ते पाणी तुमच्या किंवा खालच्यांच्या भिंतीत मुरत असतं.

पाइप मोकळा झाल्यावर एखाद्या दमट रात्री २४ वर दोन तास एसी लावा आणि बाहेरच्या तोंडाशी बादली ठेवा, तोंड बुडणार नाही अशी. बादलीत लिटर-दीड लिटर पाणी आणि युनिटखालची फरशी कोरडी, असं दिसलं की मेकॅनिकला पैसे द्या.