बेशुद्ध रुग्णाचे तोंड, डोळे आणि कूस

देवगडजवळच्या ज्या घरी तुम्ही उद्यापासून जाणार आहात, तेथील आजोबा पक्षाघातानंतर बेशुद्ध असून तोंडाने श्वास घेतात, त्यामुळे त्यांची जीभ सुकून तिच्यावर खपल्या धरतात. त्यांना गिळता येत नसल्याने तोंडात पाणी कधीही ओतू नका, कारण ते थेट फुप्फुसात जाऊ शकते. आधी त्यांना कुशीवर वळवून तोंड किंचित खाली झुकवा, सक्शन यंत्र सुरू करून पाहा आणि मगच मऊ ब्रश जेमतेम ओला करून दात, हिरड्या व जीभ पुसा. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून पायाने चालणारे सक्शन जवळ असू द्या. दातांमध्ये बोट घालू नका. जबडा अचानक आवळला जातो.

डोळ्यांकडे मात्र अधिक लक्ष द्या, कारण तेथील इजा उशिरा कळते. पापणी अर्धवट उघडी राहिली की बुबुळ वाऱ्याने सुकते, म्हणून पंख्याचा झोत चेहऱ्यावर नको. निर्जंतुक सलाइनच्या बोळ्याने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसा, दर वेळी नवा बोळा घ्या, आणि डॉक्टरांनी दिलेले मलम लावून पापणी पूर्ण मिटवा. उघड्या डोळ्यावर कोरडे गॉज ठेवल्यास ते बुबुळावर घासते. लाली किंवा पांढुरका ठिपका दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

साधारण दर दोन तासांनी कूस बदलताना माकडहाड व टाचा पाहा. बोटाने दाबूनही लाली फिकी होत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात समजून त्या बाजूवर भार देऊ नका.