कॅफेतली गाणी, दोन लायसन्सं आणि उत्तर न दिलेली नोटीस

"वकीलसाहेब, नाशिकला छोटं कॅफे आहे. स्पॉटिफाय प्रीमियम घेतलंय, आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचं लायसन्सही काढलंय. तरी मार्चमध्ये एका रेकॉर्डिंगवाल्या कंपनीची नोटीस आली, पैसे मागतायत. एकाच गाण्याचे दोनदा कशाला द्यायचे? मी उत्तर दिलं नाही, गाणी चालूच आहेत."

गाणी आजच बंद करा, मग पुढचं वाचा.

दोनदा नाही हो. शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो आयपीआरएसकडे, आणि स्टुडिओत झालेल्या रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा, तो बहुतेक वेळा म्युझिक कंपनीकडे. स्पीकरवर रेकॉर्डिंग वाजतं म्हणजे परवानगी दोन्हीकडची लागते. स्पॉटिफायचं म्हणाल तर ते फक्त वैयक्तिक ऐकण्यासाठी आहे, त्यांच्या अटींतच लिहिलंय, दुकानात त्याचा उपयोग शून्य.

पण तुमचं प्रकरण अडलंय ते कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मधल्या "जाणूनबुजून" या शब्दावर. भरपाईचा दिवाणी दावा तुम्हाला माहीत नसलं तरी होऊ शकतो, पण फौजदारी गुन्ह्याला जाणीव लागते. मार्चच्या आधी "मला वाटलं एका लायसन्समध्ये सगळं आलं" असं तुम्ही म्हणू शकत होतात, आणि ते पटण्यासारखं होतं. नोटीस हातात पडल्यावरही गाणी वाजत राहिली, आता ते कोण ऐकणार? शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं, दंड ५० हजार ते २ लाख, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवलाय. नोटीस ड्रॉवरमध्ये टाकून ठेवायची ही सवय मला खरंच कळत नाही, एका पानाचं उत्तर तेव्हाच गेलं असतं तर आज हा विषय फक्त पैशांचा असता.

"कंपनी नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटी नाही, मग लायसन्स देणारी ती कोण" हा मुद्दा तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये पीपीएल या रेकॉर्डिंगची लायसन्सं देणाऱ्या कंपनीच्या केसमध्ये तसं म्हटलंय, पण प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंय, आणि आपल्या मुंबई हायकोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये उलट निकाल दिलाय, की हक्क लेखी विकत घेतलेली कंपनी मालक म्हणून लायसन्स देऊ शकते. तुम्ही नाशिकला आहात, त्यामुळे दिल्लीच्या भरवशावर राहू नका. शेवटी काय ठरेल ते आज सांगता येणार नाही.

या आठवड्यात वकिलामार्फत उत्तर पाठवा. गाणी कोणत्या तारखेला बंद केली ते त्यात लिहा, चूक कबूल करू नका, आणि कंपनीकडे हक्क हस्तांतराच्या कराराची प्रत, गाण्यांची यादी आणि दर कसा काढला ते मागा. कॅफेचं क्षेत्रफळ किंवा खुर्च्या त्यांनी फुगवून धरल्यात का तेही बघा. करार आणि यादी पटली तर तडजोड करा, पण मागच्या काळाचा दावा संपला हे वाक्य तडजोडीच्या कागदात असल्याशिवाय एक रुपया देऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षाचं लायसन्स घ्याल आणि मागच्याचा दावा तसाच राहील.