चुकून आपल्या टेबलावर आलेला अर्ज

चि. नव्या जन माहिती अधिकाऱ्यास,

पंचायत समितीत तुझ्या नावाने जन माहिती अधिकारी म्हणून आदेश निघाला आणि पहिल्याच आठवड्यात रस्त्याबद्दलच्या माहिती अधिकार अर्जाने तुला गाठलं, हे फोनवर ऐकलं. ‘हे काम आमचं नाहीच, मग मी काय करू?’ असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

अर्जदार दोन गोष्टी मागतो आहे. पहिली, गावाच्या रस्त्याचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम देयक. दुसरी, त्याच रस्त्याकडेला रोजगार हमीतून झालेल्या वृक्षलागवडीचे हजेरीपट. हजेरीपट आपल्या रोजगार हमी कक्षात आहेत आणि रस्ता आपण बांधलेला नाही. अशा वेळी जुन्या मंडळींचा सोपा उपाय ठरलेला असे. ‘सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही’ असं एका ओळीचं पत्र काढायचं आणि नस्ती बंद करायची. हे पत्र सभ्य दिसतं, पण कायद्याला ते मान्य नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चं कलम ६(३) सांगतं की दुसऱ्या प्राधिकरणाकडे असलेली माहिती मागितली असेल, तर अर्ज किंवा अर्जाचा तेवढा भाग तू स्वतः तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला ताबडतोब कळवायचं. अर्जदाराला अर्ज परत देऊन ‘तिकडे करा’ म्हणायची सोय त्यात नाही. तो पुन्हा दहा रुपयांचा स्टॅम्प लावून नव्या दारात उभा राहणार नाही, इतकीच अपेक्षा आहे, आणि ती मला रास्त वाटते.

मुदत पाच दिवसांची, तीही अर्ज मिळाल्यापासून. ते कामकाजाचे दिवस असं कलमात कुठे म्हटलेलं नाही. सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून हे फार जाचक झालं आहे. सोमवारी आवक झालेल्या अर्जाची मुदत शनिवारी संपते, पण शनिवारी जावक बंद. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पत्र गेलं पाहिजे. गुरुवारी आलेला अर्ज तर शनिवार-रविवार खाऊन मंगळवारवर येऊन टेकतो. म्हणून टपाल तुझ्यापर्यंत यायला दोन दिवस लागत असतील तर आधी ती वाट मोकळी कर. माहितीच्या अर्जावर आवक शिक्का पडला की त्याच दिवशी तो तुझ्या हातात यावा, असं आवक लिपिकाला तोंडी नाही, लेखी सांग.

आता खरं काम: रस्ता कोणाचा? इथेच घाईत चुका होतात. रस्त्याच्या क्रमांकाआधी प्र.जि.मा. लिहिलेलं असेल तर तो प्रमुख जिल्हा मार्ग, बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडचा. इ.जि.मा. आणि ग्रा.मा. म्हणजे इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग, हे सहसा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. एवढ्यावर पत्र काढू नकोस. ग्रामीण मार्ग असूनही त्याचं काम प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून झालेलं असू शकतं. मग कागद आपल्या बांधकाम विभागात नसतात, राज्यात ही योजना राबवणाऱ्या ग्रामीण रस्ते विकास संस्थेच्या कार्यकारी अभियंत्याकडे असतात. रस्त्याच्या तोंडाशी लावलेल्या फलकावर योजनेचं नाव, ठेकेदार आणि देखभालीची पाच वर्षांची मुदत लिहिलेली असते. गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला फोन करून तो फलक वाचून घे. मग अभियंत्याच्या कार्यालयात फोन लाव आणि एकच प्रश्न विचार: ‘या कामाची मोजमाप पुस्तिका तुमच्याकडे आहे का?’ ‘रस्ता तुमचा का’ असं विचारलंस तर समोरचा सावध होतो. कागदाबद्दल विचारलंस तर सरळ उत्तर मिळतं. उत्तर देणाऱ्याचं पदनाम आणि तारीख टिपणीत लिहून ठेव.

तुझ्या अर्जात हे तसंच निघालं, म्हणजे रस्ता सडक योजनेचा. मग मुद्दा १ वर्ग करायचा आणि मुद्दा २ तुझ्याकडे ठेवायचा. अख्खा अर्ज पाठवून मोकळं व्हायचा मोह होईल, पण हजेरीपटाचं उत्तर तो अभियंता देऊच शकत नाही. मूळ अर्ज आपल्या नस्तीत ठेव, त्याची प्रत पाठव. पत्र असं लिहिता येईल:

‘अर्जातील मुद्दा क्र. १ ची माहिती आपल्या कार्यालयाशी संबंधित असल्याची दूरध्वनीवरून खातरजमा करण्यात आली आहे. सबब अर्जाची प्रत, आवक दिनांकासह, कलम ६(३) अन्वये आपल्याकडे हस्तांतरित करण्यात येत आहे. अर्ज शुल्क या कार्यालयात जमा आहे. मुद्दा क्र. २ ची माहिती या कार्यालयाकडून देण्यात येईल. मुद्दा क्र. १ बाबत अर्जदारास परस्पर कळवावे.’

पत्राची प्रत अर्जदाराला जाते, आणि त्यात समोरच्या जन माहिती अधिकाऱ्याचं पदनाम व पूर्ण पत्ता हवा. ‘जिल्हा परिषद, जिल्हा मुख्यालय’ एवढंच लिहिलेली पाकिटं मी महिनोन्महिने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरताना पाहिली आहेत. शुल्काचं वाक्यही गाळू नकोस, नाहीतर तिकडून अर्जदाराला पुन्हा दहा रुपये मागितले जातात.

आता दोन घड्याळं चालू झाली. मुद्दा १ चे तीस दिवस अभियंत्याला पत्र मिळाल्यापासून, मुद्दा २ चे तुझ्या आवक शिक्क्यापासून. वर्ग केल्याच्या समाधानात आपला अर्धा भाग विसरला जातो, आणि मग प्रथम अपील तुझ्यावर येतं. उशिराबद्दल राज्य माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपयांपर्यंत शास्ती लावू शकतो. ती जन माहिती अधिकाऱ्यावर वैयक्तिक असते, कार्यालयाच्या खात्यातून जात नाही.

आपल्याच पंचायत समितीतल्या दुसऱ्या कक्षाची माहिती असेल तर कलम ६(३) चं पत्र काढायचं नाही. तिथे कलम ५(४) प्रमाणे त्या कक्षाच्या अधिकाऱ्याचं सहाय्य लेखी मागायचं. मागितल्यावर त्या माहितीपुरता तोही जन माहिती अधिकारी समजला जातो, हे कलम ५(५) पत्रात नम्रपणे नमूद कर. धमकी वाटू नये, पण वाचलं जावं.

कधी पाच दिवस उलटून गेल्यावर लक्षात येतं. तेव्हाही वर्ग करच, त्या दिवसाचीच तारीख घाल. मागची जावक तारीख टाकून वेळेत दाखवायचा प्रयत्न करू नकोस. पाकिटावरचा टपालाचा शिक्का ते उघडं करतो.

आणि अभियंत्याने अर्ज ‘आमचा नाही’ म्हणून तुझ्याकडे परत धाडला तर? पुन्हा जसाच्या तसा परत टाकू नकोस, त्यात अर्जदाराचा महिना जातो. फलकाचा फोटो मागवून घे, टिपणीतली फोनची नोंद जोड आणि पुन्हा एकदा फोन कर. बहुतेक वेळा तिथल्या नव्या लिपिकाने न वाचता परतवलेलं असतं. तरीही नाहीच म्हणाले, तर कागद खरंच कोणाकडे आहेत ते लेखी विचार, आणि ही सगळी हकीकत अर्जदाराला कळव. म्हणजे अपिलात गेला तर त्याच्या हातात काहीतरी असेल.

वर्ग केलेल्या अर्जांची वेगळी वही कर: आवक दिनांक, कुठे पाठवला, जावक क्रमांक, पोच. दर सोमवारी पोचेचा रकाना चाळ आणि रिकामा असेल तिथे फोन लाव. या अर्जाची पोच अजून आली नसेल तर उद्याच विचार.

तुझा,
निवृत्त सहकारी